स्विंग लोपासूनचा अँकर्ड व्हीवॅप: रेषेला टेकला म्हणून घ्यावे का?

प्रश्न: मी एनएसईच्या शेअर्समध्ये रोजच्या चार्टवर स्विंग ट्रेडिंग करतो. चढत्या ट्रेंडमध्ये लोपासून अँकर्ड व्हीवॅप लावतो आणि भाव खाली येऊन रेषेला टेकला की घेतो. जुने चार्ट बघताना हे फार सुंदर दिसते, पण प्रत्यक्षात निम्म्या वेळी रेषा तुटते आणि स्टॉपलॉस लागतो. लो चुकीचा धरतोय की घेण्याची वेळ चुकतेय? आणि निफ्टीवर हे चालेल का?

उत्तर: जुन्या चार्टवर ही रेषा सुंदर दिसते, कारण तेथे लो कोणता होता हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. तीन-चार लो दिसत असतील तर ज्याच्यापासून काढलेली रेषा पुढच्या पुलबॅकला नेमकी भिडते, तोच आपण नकळत निवडतो. सुरुवातीची दोन वर्षे मीही हेच केले. वहीत चिकटवलेले चार्ट एकाहून एक देखणे होते आणि खात्यात मात्र तोटा होता. कारण शोधायला बसलो तेव्हा दिसले की, चार्टवर अँकर ज्या दिवशी होता त्या दिवशी तो अँकर आहे हे मला कळणे शक्यच नव्हते. म्हणून तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही भागांचे उत्तर ‘हो’ असेच द्यावे लागेल, परंतु आधी ही रेषा नेमके काय मोजते ते पाहू.

अँकरच्या दिवसापासून आजपर्यंत झालेल्या उलाढालीची एकूण रक्कम भागिले त्याच काळात हातबदल झालेले एकूण शेअर्स, इतकाच हा हिशेब आहे. एनएसईच्या रोजच्या `sec_bhavdata_full` या फाइलमध्ये `AVG_PRICE` आणि `TTL_TRD_QNTY` असे दोन रकाने असतात. पहिल्यात त्या दिवसाचा खरा सरासरी भाव असतो आणि दुसऱ्यात शेअर्सची संख्या. एक्सेलमध्ये B रकान्यात सरासरी भाव आणि C रकान्यात संख्या घेऊन अँकरच्या दिवसापासून खाली ओढत नेण्याचे सूत्र असे:

```
=SUMPRODUCT(B$2:B2,C$2:C2)/SUM(C$2:C2)
```

चार्टिंगची साधने रोजच्या कॅन्डलवर बहुधा उच्च, नीचांक आणि बंद भावाची सरासरी, म्हणजे `hlc3`, वापरतात. त्यामुळे तुमच्या हिशेबात आणि पडद्यावरच्या रेषेत थोडा फरक पडतो, आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र एकदा हा हिशेब स्वतः करून पाहावा, कारण त्याशिवाय रेषेचा स्वभाव कळत नाही. रोज रेषा किती सरकते हे पुढील नात्यावर ठरते:

```
सरक = (आजचे शेअर्स / अँकरपासूनचे एकूण शेअर्स) × (आजचा सरासरी भाव − कालची रेषा)
```

पहिल्या काही दिवसांत एकूण शेअर्स थोडे असतात, म्हणून रेषा चपळ असते. महिन्याभराने तीच रेषा जड होते आणि एका दिवसाच्या भावाने जेमतेम हलते. हलत्या सरासरीला ठरावीक दिवसांचीच आठवण असते, या रेषेला मात्र अँकरपासूनचे सगळे आठवते.

रेषेला ‘खरेदीदारांची सरासरी किंमत’ म्हणण्याची पद्धत आहे आणि समजूत म्हणून ती उपयोगीही आहे, पण ती शब्दशः खरी धरू नये. दिवसाच्या व्हॉल्यूममध्ये सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचे सौदेही असतात आणि ती माणसे संध्याकाळी कोणत्याच बाजूला उभी नसतात. प्रत्यक्ष शेअर धरून बसलेल्यांची सरासरी या रेषेहून वेगळी असू शकते. म्हणूनच भाव रेषेच्या दोन रुपये खाली गेला की ‘सगळे खरेदीदार तोट्यात गेले’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. माझ्या लेखी ही रेषा म्हणजे एक पट्टा असतो, आणि त्याची रुंदी मी रोजच्या सरासरी चढउताराच्या, म्हणजे चौदा दिवसांच्या एटीआरच्या, साधारण पाव पट दोन्ही बाजूंना धरतो.

आता लोकडे वळू. मी फक्त असा लो अँकर म्हणून घेतो की ज्याच्यापासून निघालेली चढण मागच्या स्विंग हायच्या वर बंद झाली आहे. तोवर तो लो केवळ उमेदवार असतो. या नियमामुळे अँकर उशिरा, कधी आठ तर कधी पंधरा सत्रांनी, पक्का होतो, परंतु एकदा पक्का झाला की माझ्या इच्छेनुसार तो बदलत नाही. बॅकटेस्ट करतानाही हीच तारीख पाळावी लागते. रेषा लोच्या दिवसापासून मोजायची, पण तिच्यावर सौदा करण्याची परवानगी मागचा हाय ओलांडल्याच्या दिवसापासूनच द्यायची. हे न पाळल्यास बॅकटेस्ट भविष्यात डोकावून नफा दाखवतो.

ट्रेंड जुना झाला की दुसरा प्रश्न उभा राहतो. मूळ तळापासूनची रेषा खूप खाली राहते आणि भाव तिथवर येतच नाही. अशा वेळी त्याच नियमाने ठरलेला सर्वांत अलीकडचा चढता लो मी घेतो. मूळ रेषा चार्टवर ठेवतो, परंतु ती खरेदीसाठी नव्हे. चार-पाच महिन्यांच्या चढणीनंतर भाव जर मूळ रेषेपर्यंत उतरला, तर तो पुलबॅक राहिलेला नसतो. चढणीतली बहुतेक कमाई परत गेलेली असते आणि तेथे खरेदी करणे म्हणजे वेगळ्याच खेळात उतरणे आहे.

लोचा दिवसच अतिशय रुंद असेल तर काय घडते याचे ठळक उदाहरण म्हणजे ४ जून २०२४, लोकसभा निकालाचा दिवस. निफ्टी त्या दिवशी २३,१७९.५० ला उघडला, २१,२८१.४५ पर्यंत कोसळला आणि २१,८८४.५० ला बंद झाला. उघडण्याचा भाव हाच दिवसाचा उच्चांक होता. रोजच्या कॅन्डलवर अँकर लावला की रेषा `hlc3` वर, म्हणजे सुमारे २२,११५ वर, सुरू होते. व्हॉल्यूम कितीही असले तरी पहिल्या दिवशी सरासरी तीच येते. लो आणि रेषा यांच्यात पहिल्याच दिवशी ८३४ अंकांचे अंतर पडले आणि रेषा बंद भावाच्याही वर राहिली. याचे कारण असे की, सकाळी २३,००० च्या आसपास झालेले सौदेही त्यात आले, आणि त्या सौद्यांचा तळापासून सुरू झालेल्या खरेदीशी काहीही संबंध नव्हता. त्या दिवशी अनेक शेअर्सच्या चार्टवरही असाच आकार उमटला होता. अशा वेळी अँकर रोजच्या कॅन्डलवर न लावता पंधरा मिनिटांच्या चार्टवर, ज्या कॅन्डलमध्ये लो झाला तिच्यापासून लावावा. लोच्या दिवसाचा पल्ला एटीआरच्या दुपटीपेक्षा मोठा असेल तर मी हे नेहमीच करतो, एरवी त्याची गरज पडत नाही.

आता पूर्ण सौदा आकड्यांत पाहू. शेअर काल्पनिक आहे आणि आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, परंतु प्रमाणे रोज दिसतात तशीच ठेवली आहेत. मागचा स्विंग हाय ४५२ रुपये आहे. लोच्या दिवशी भाव ४१२ पर्यंत जातो, दिवसाची सरासरी ४२२ राहते आणि १८ लाख शेअर्स हातबदल होतात. पुढच्या पाच दिवसांत सरासरी ४३६ ने ५० लाख शेअर्स होतात आणि रेषा ४३२.३० वर येते. या टप्प्यावर भाव कितीही आकर्षक वाटला तरी मागचा हाय ओलांडलेला नाही, म्हणून सौदा नाही. त्यानंतरच्या सात दिवसांत भाव ४५२ च्या वर बंद होतो. या सात दिवसांची सरासरी ४५८ आहे, शेअर्स ८४ लाख आहेत आणि रेषा ४४६.५० वर आहे. अँकर आता पक्का झाला. आणखी चार दिवसांत भाव ४८६ चा उच्चांक करतो. या दिवसांची सरासरी ४७८, शेअर्स ४० लाख आणि रेषा ४५३.१० होते.

मग सहा दिवस भाव उतरतो. या सहा दिवसांत मिळून ३० लाखच शेअर्स होतात, सरासरी ४६४ राहते आणि रेषा ४५४.५० वर येते. इथे दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. पहिली म्हणजे भाव उतरत असतानाही रेषा किंचित चढत राहिली आहे, कारण उतरतानाचे सौदेही तिच्या वरच होत आहेत. रेषा सपाट झाली किंवा खाली वळली तर उतरणीतले सौदे रेषेखाली होऊ लागले आहेत असा अर्थ होतो, आणि तेव्हा मी थांबतो. दुसरी गोष्ट म्हणजे चढणीच्या मधल्या टप्प्यात दिवसाला १२ लाख शेअर्स होत होते, उतरणीत ते ५ लाखांवर आले. विकणारे उत्साहाने विकत नाहीत, फक्त घेणारे थांबले आहेत, असे हे चित्र आहे. उतरणीत व्हॉल्यूम चढणीच्या निम्म्याखाली नसेल तर मी सौदा सोडतोच असे नाही, पण संख्या निम्मी करतो.

सहाव्या दिवशी भाव ४५२.५० पर्यंत खाली जातो, म्हणजे रेषेच्या दोन रुपये खाली, आणि परत फिरून ४५७ ला बंद होतो. दिवसाचा उच्चांक ४५९ आहे. तुमची खरेदी बहुधा दुपारी ४५४.५० लाच झाली असती. मी मात्र त्या दिवशी काहीही करत नाही. दुसऱ्या दिवशी ४५९ च्या वर, म्हणजे ४५९.५० ला, खरेदीची ऑर्डर ठेवतो. एटीआर ९ रुपये आहे. पुलबॅकच्या तळाखाली त्याच्या निम्मे अंतर सोडून स्टॉपलॉस ४४८ ला बसतो आणि प्रति शेअर जोखीम ११.५० रुपये होते. पाच लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात पाऊण टक्का, म्हणजे ३,७५० रुपये, गमवायची तयारी असेल तर ३२६ शेअर्स येतात आणि त्यात सुमारे दीड लाख रुपये गुंततात. आधीचा उच्चांक ४८६ हे पहिले लक्ष्य धरले तर २६.५० रुपये मिळतात, म्हणजे जोखमीच्या २.३ पट.

भाव रेषेखाली जाऊन वर बंद होणे आणि नंतर त्या कॅन्डलचा उच्चांक ओलांडणे, या दोन गोष्टींची वाट पाहण्यासाठी मी पाच रुपये जास्त मोजले, हे उघड आहे. ४५४.५० ला घेऊन तोच ४४८ चा स्टॉपलॉस ठेवला असता तर जोखीम ६.५० आणि लाभ ३१.५०, म्हणजे जवळपास पाच पट दिसला असता. कागदावर तुमचीच पद्धत सरस वाटते. अडचण अशी आहे की, ६.५० रुपयांचा स्टॉपलॉस त्या शेअरच्या एका दिवसाच्या नेहमीच्या चढउतारापेक्षाही लहान आहे. त्यामुळे ट्रेंड शाबूत असतानाही तो लागू शकतो. शिवाय टेकताच घेणाऱ्याच्या पदरात रेषा तोडून सरळ खाली जाणारा प्रत्येक शेअर पडतो, तर वाट पाहणारा त्यांतील बहुतेकांपासून आपोआप दूर राहतो. काही शेअर रेषेला स्पर्श करून थेट उसळतात आणि ते मला महाग मिळतात किंवा मिळतच नाहीत. ती किंमत मी मान्य केलेली आहे.

‘निम्म्या वेळी स्टॉपलॉस लागतो’ याकडेही याच हिशेबाने पाहावे. २.३ पट लाभाच्या सौद्यात ना नफा ना तोटा यासाठी शंभरांपैकी सुमारे तीस सौदे यशस्वी व्हावे लागतात. निम्मे चुकूनही खाते वाढायला हवे. तुमचे वाढत नसेल तर यशस्वी सौद्यांत तुम्ही लक्ष्याच्या आधी बाहेर पडत आहात, किंवा स्टॉपलॉस इतका जवळ आहे की चुकलेल्या सौद्यांपैकी काही मुळात चुकलेलेच नव्हते. गेल्या तीस सौद्यांची वही काढून प्रत्येक स्टॉपलॉसनंतरच्या पाच दिवसांत भाव रेषेच्या वर परत बंद झाला का, एवढेच तपासा. बहुतेक वेळा झाला असेल तर दोष स्टॉपलॉसचा आहे. झाला नसेल तर दोष अँकरचा किंवा ट्रेंडच्या निवडीचा आहे.

खरोखर तुटलेली रेषा ओळखणे फारसे अवघड नाही. पट्ट्याच्या खाली बंद, त्या दिवशी व्हॉल्यूम उतरणीच्या इतर दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त, आणि पुढच्या दोन सत्रांत वर परत येण्यात अपयश, हे तिन्ही एकत्र दिसले की मी ती रेषा चार्टवरून पुसतो. दोन सत्रांत ती परत वर आली तर मात्र सौदा पुन्हा खुला होतो, आणि असे सौदे अनेकदा पहिल्यापेक्षा चांगले निघतात, कारण घाबरून विकणारे विकून मोकळे झालेले असतात. ‘बंद’ हा शब्द वापरताना एक छोटी खबरदारी घ्यावी लागते. वर सांगितलेल्या फाइलमध्ये `CLOSE_PRICE` आणि `LAST_PRICE` हे वेगवेगळे रकाने आहेत आणि रेषा अगदी जवळ असेल तेव्हा एक वर, दुसरा खाली असे होऊ शकते. मी नेहमी पहिला धरतो.

रेषा नकळत बिघडण्याची कारणेही आहेत. वरच्या उदाहरणात पुलबॅकच्या अखेरीस एकूण २२२ लाख शेअर्स झाले होते. त्याच सुमारास एखाद्या मोठ्या विक्रेत्याने ४७० च्या भावाने ६० लाख शेअर्स एका घेणाऱ्याला दिले असते, तर एका सौद्याने रेषा ४५४.५० वरून ४५७.८० वर गेली असती. बाजारातील हजारो लोकांचा त्या भावाशी संबंध नसतानाही तुमची खरेदीची पातळी सव्वातीन रुपयांनी सरकली असती. निर्देशांकातील फेरबदलाच्या दिवशीही शेवटच्या अर्ध्या तासात असाच फुगवटा येतो, कारण निर्देशांकानुसार चालणाऱ्या फंडांना त्याच वेळी खरेदी-विक्री करावी लागते. असा दिवस आढळला की त्याच्यासकट आणि त्याच्याशिवाय अशा दोन्ही रेषा काढून त्यांच्यामधला भाग मी पट्टा म्हणून धरतो.

बोनस आणि स्प्लिटचे तर अधिक जपावे लागते. एकास एक बोनसनंतर जुने भाव निम्मे करावे लागतात आणि जुने शेअर्स दुप्पट. एक्सेलमध्ये लोक पहिले करतात, दुसरे विसरतात. मग बोनसपूर्वीच्या दिवसांचे वजन निम्मेच राहते, चढत्या शेअरमध्ये रेषा खरी असायला हवी त्यापेक्षा वर जाते आणि भाव उगाच ‘रेषेखाली’ दिसू लागतो. माझ्याकडून एका शेअरमध्ये असे घडले होते. चांगला पुलबॅक मी तुटलेला समजून सोडून दिला आणि कारण तीन आठवड्यांनी वहीतली आकडेमोड पुन्हा करताना सापडले.

निफ्टीबद्दल: निर्देशांकाचा स्वतःचा व्यवहार होत नाही, त्यामुळे त्याला स्वतःचे व्हॉल्यूम नाही. चार्टवर निफ्टीखाली व्हॉल्यूमचे खांब दिसले तर ते कुठून आणले आहेत हे आधी तपासावे. ट्रेडर सहसा फ्युचर्सचे व्हॉल्यूम घेतात आणि काही दिवसांच्या पुलबॅकसाठी, एकाच महिन्याच्या करारात, ते चालते. परंतु अँकर मागच्या करारात असेल तर गडबड होते, कारण पुढच्या महिन्याच्या करारात सुरुवातीचे व्यवहार नगण्य असतात आणि दोन करारांच्या भावांतही फरक असतो. जोडलेल्या फ्युचर्स चार्टवर या फरकाची उडी रेषेत मिसळते, शिवाय मुदत संपण्याच्या आठवड्यात जुन्या करारातून नव्यात जाणाऱ्यांचे सौदे व्हॉल्यूम फुगवतात. म्हणून महिन्यापेक्षा जुन्या लोपासूनची रेषा मी निफ्टीवर खरेदीसाठी वापरत नाही. त्याऐवजी निर्देशांकात मोठे वजन असलेल्या चार-पाच शेअर्सवर त्याच दिवशीच्या लोपासून रेषा काढतो आणि त्यांपैकी किती आपापल्या रेषेच्या वर टिकून आहेत, हे पाहून निफ्टीच्या सौद्याची संख्या ठरवतो.